पन्नास टक्क्यांत नेमकं काय काय बसवलंय?

*प्रश्न: बाबांच्या पश्चात आमच्या घराण्याच्या होल्डिंग कंपनीतला त्यांचा १५% हिस्सा माझ्याकडे आला. काकांकडे ४५% आहेत, आत्याकडे ४०%. काका माझा हिस्सा घ्यायला तयार आहेत. त्यांच्या सल्लागाराचा तक्ता असा: शेअर बाजारात नोंदलेल्या रसायन कंपनीचे ५५%, म्हणजे ६६० कोटी. पॅकेजिंगची खासगी कंपनी १८८ (एबिटडा ४०, त्याची सात पट, वजा तिचं कर्ज ९२). तिचे ९०% आमच्याकडे आणि १०% रसायन कंपनीकडे आहेत. कर्ज देणाऱ्या वित्त कंपनीचे ७५%, म्हणजे १३५ (नेटवर्थ १५०, त्याची १.२ पट). इमारत ११०, तिच्या काही भागात पॅकेजिंगचं काम भाडं न देता चालतं. बेरीज १,०९३. त्यातून रसायनचे शेअर विकले तर लागणारा कर १२० (६०० नफ्यावर २०%) आणि मुख्य कार्यालयाच्या खर्चापोटी ५० वजा. उरलेल्यावर ५०% होल्डिंग डिस्काउंट, ‘सगळीकडे लावतात तसा’. मग होल्डिंगचं कर्ज १२९ वजा. शेवटी माझ्या वाट्यावर अल्पभागधारक म्हणून आणखी २०% कपात. हातात येतात सुमारे ४० कोटी. गेल्या दहा वर्षांत होल्डिंगने नव्या धंद्यांत ६० कोटी घातले आणि ते सगळे बंद पडले, हेही खरं. काका फसवतील असं वाटत नाही, पण आकडा पटत नाही. हिशोब बरोबर आहे का?*

तुमची शंका रास्त आहे. तक्त्याचा वरचा भाग, जिथे प्रत्येक धंद्याची किंमत वेगळी काढली आहे, तो पद्धत म्हणून योग्य आहे. रसायन बनवणारी कंपनी, कर्ज वाटणारी कंपनी आणि उभी इमारत यांना एकच माप लावता येत नाही. घोळ आहे तो खाली, वजाबाकीत. तिथे एकच कारण वेगवेगळ्या नावांनी पुन्हा पुन्हा कापलं गेलं आहे.

पण आधी बेरीज तपासू, कारण तिच्यात दोन चुका आहेत आणि दोन्ही तुमच्या फायद्याच्या आहेत. त्या तुम्ही आधीच मान्य केलेल्या बऱ्या. समोरासमोर बसल्यावर समोरच्याने त्या काढल्या तर तुमचं बाकीचं म्हणणंही लटकं वाटू लागतं.

पहिली चूक भाड्याची. इमारतीची किंमत ११० कोटी धरली, म्हणजे ती बाजारभावाने भाडं मिळवू शकते असं गृहीत धरलं. त्याच वेळी पॅकेजिंगचा एबिटडा, म्हणजे व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीचा नफा, ४० कोटी धरला, आणि त्या ४० मध्ये न दिलेलं भाडं लपलेलं आहे. एकच जागा एकदा इमारत म्हणून मोजली गेली आणि दुसऱ्यांदा पॅकेजिंगचा नफा म्हणून. पॅकेजिंगच्या ताब्यातल्या भागाचं बाजारभावाने भाडं किती होतं ते काढून घ्या. मी इथे वर्षाला ४ कोटी धरतो. मग एबिटडा ३६ उरतो, सात पटीने २५२, आणि कर्ज वजा जाता १६०. वर्षाचे फक्त ४ कोटी, पण पटीने गुणल्यावर २८ कोटींचा फरक पडला. घराण्याच्या गटांत ही चूक इतकी सर्रास आढळते की कुठलाही तक्ता हातात आला की मी आधी धंद्यांमधले आपापसातले व्यवहार विचारतो: कोण कुणाची जागा वापरतं, कोण कुणाला कमी दरात माल देतं, एकाचा कर्मचारी पगार कुठून घेतो.

दुसरी चूक १० टक्क्यांची. पॅकेजिंगची पूर्ण किंमत होल्डिंगच्या नावावर लावली आहे, पण तिचा दहावा हिस्सा रसायन कंपनीचा आहे. बाजार रसायनच्या शेअरला जो भाव देतो त्यात तो हिस्सा आधीच आलेला आहे, आणि त्यातला तुमच्या होल्डिंगचा वाटा ६६० मध्ये मोजून झाला आहे. म्हणून इथे १६० चे ९०%, म्हणजे १४४ च धरायचे.

वित्त कंपनीबाबत सल्लागाराने योग्य माप लावलं आहे. कर्ज देणाऱ्या कंपनीला एबिटडाची पट लावत नाहीत आणि तिने उचललेलं कर्ज वेगळं वजाही करत नाहीत, कारण उसना पैसा हा तिचा कच्चा माल असतो. तिथे नेटवर्थला पट लावतात. १.२ ही पट पटण्यासारखी आहे का, हे ताडून पाहता येतं. कंपनी नेटवर्थवर १४% कमावत असेल, गुंतवणूकदार १२% मागत असेल आणि वाढ २% धरली, तर १४ वजा २ भागिले १२ वजा २, म्हणजे १.२ येते. कमाई १२ वरच अडकली असेल तर पट १ च्या वर जाऊ नये. खरा धोका पटीपेक्षा नेटवर्थच्या आकड्यात असतो. थकलेल्या कर्जांसाठी पुरेशी तरतूद केली आहे का? १० कोटींची तरतूद राहिली असेल तर होल्डिंगच्या वाट्याचे ९ कोटी तिथेच गेले.

इमारतीवर फार वेळ घालवू नका, स्वतंत्र मूल्यमापकाचा अहवाल पुरे. होल्डिंगच्या कर्जाबाबत मात्र एक गोष्ट तपासा. पॅकेजिंगच्या ९२ कोटींच्या कर्जात काही रक्कम खुद्द होल्डिंगकडून घेतलेली आहे का? असेल, तर ती होल्डिंगची येणी आहे आणि ती बेरजेत दिसली पाहिजे. एका बाजूला देणं म्हणून कापलेली रक्कम दुसऱ्या बाजूला येणं म्हणून लिहायची राहून जाते, आणि मग ती गटाच्या हिशोबातून नाहीशीच होते. उलट दिशेची चूकही मी पाहिली आहे. एका गटात खासगी कंपनीच्या कर्जाला होल्डिंगची हमी होती. कर्ज कंपनीच्या किमतीतून वजा झालं होतं आणि हमी म्हणून होल्डिंगच्या देण्यांतही तेवढ्याच रकमेने पुन्हा धरलं होतं.

आता बेरीज करू: रसायन ६६०, पॅकेजिंग १४४, वित्त १३५, इमारत ११०. एकूण १,०४९. त्यातून होल्डिंगचं कर्ज १२९ गेलं की निव्वळ मालमत्ता मूल्य ९२० कोटी. तुमचे १५% म्हणजे १३८. कुठलीही सूट लावण्याआधीचा हा आकडा आहे, आणि पुढचा सगळा वाद ९२० च्या संदर्भातच घालायचा.

कारण डिस्काउंट कशाचा, हे सांगितल्याशिवाय टक्केवारीला अर्थ राहत नाही. बाजारात होल्डिंग कंपन्यांचा डिस्काउंट सांगतात तेव्हा तो कर्ज वजा केलेल्या निव्वळ मूल्यावर मोजलेला असतो: निव्वळ मूल्य १०० आणि होल्डिंगच्या शेअरचा भाव त्याच मापाने ७० असेल, तर डिस्काउंट ३०%. तुमच्या तक्त्यात ५०% लावले आहेत कर्ज वजा करण्याआधी. बँकेला तर १२९ पूर्णच द्यायचे आहेत, तिला कोणी ५०% सूट मागत नाही. म्हणजे कापलेली सगळी रक्कम भागधारकांच्या वाट्याला आली. सल्लागाराच्याच आकड्यांनी चला: ९२३ चे निम्मे ४६१.५, वजा १२९, उरले ३३२.५. आपल्या ९२० शी ताडून पाहिलं तर हा ६४ टक्क्यांचा डिस्काउंट झाला. आणि शेवटचे २० टक्के कापल्यावर तो ७१ वर जातो. तक्त्यावर लिहिले आहेत ५०, प्रत्यक्षात लावले आहेत ७१.

आता ५०% आले कुठून ते पाहू. मोठे डिस्काउंट बाजारात असतात, हे खोटं नाही. सगळ्यांत गाजलेलं उदाहरण दक्षिण आफ्रिकेतल्या नॅस्पर्सचं. मुळात वृत्तपत्रं आणि प्रकाशनातली ही कंपनी. तिने २००१ मध्ये चीनच्या टेन्सेंटमध्ये मोठा हिस्सा घेतला, आणि तो इतका वाढला की पुढे नॅस्पर्सची स्वतःची बाजारातली किंमत तिच्या हातातल्या टेन्सेंटच्या शेअर्सहून कमी असायची. बाकीचे सगळे धंदे जणू उणे किमतीचे. २०१९ मध्ये तिने प्रोसस नावाची कंपनी वेगळी काढून ॲम्स्टरडॅमच्या बाजारात नोंदवली. तरी डिस्काउंट टिकून राहिला. जून २०२२ मध्ये दोघींनी जाहीर केलं, की टेन्सेंटचे शेअर थोडे थोडे विकत राहू आणि त्या पैशांतून स्वतःचे शेअर परत घेत राहू. त्यानंतर डिस्काउंट आकसला.

टेन्सेंट तीच होती आणि धंदेही तेच होते. बदललं ते एवढंच, की आत अडकलेला पैसा भागधारकाच्या हातात येणार का आणि कधी, या प्रश्नाचं उत्तर. बाजार डिस्काउंट लावतो तो त्याच उत्तराला. वर मुख्य कार्यालय किती खाईल, विकताना कर किती जाईल, मालक तो पैसा कुठल्या नव्या नादात घालतील, हवं तेव्हा बाहेर पडता येईल का, हे सगळं त्या एका टक्केवारीत आलेलं असतं. म्हणून बाजारातून उचललेले ५०% वापरायचे असतील, तर कर आणि कार्यालयाचा खर्च आधी वेगळा कापता येत नाही. तुमच्या तक्त्यात १७० कोटी एकदा नावानिशी गेले आणि दुसऱ्यांदा ५० टक्क्यांच्या पोटात.

मार्ग दोनच आहेत. एक, तुमच्या गटासारख्या नोंदलेल्या होल्डिंग कंपन्यांचा डिस्काउंट घ्यायचा, तो ९२० वर लावायचा आणि त्यापलीकडे काही कापायचं नाही. दोन, डिस्काउंट कारणांकारणांनी खालून वर बांधायचा. रसायन, पॅकेजिंग, कर्जवाटप आणि इमारत असं मिश्रण असलेली दुसरी कंपनी तुम्हाला सापडणार नाही, म्हणून मी दुसरा मार्ग धरतो. तो करायला वेळ लागतो, पण प्रत्येक कोटीमागे एक कारण उभं असतं आणि त्याच्यावर बोलता येतं.

मुख्य कार्यालयापासून सुरुवात करू. सल्लागाराने ५० धरले आहेत. ते बहुधा असे आले असतील: वर्षाला ८ कोटी खर्च, २५% कर वाचतो म्हणून निव्वळ ६, आणि हा खर्च कायम चालणार असं धरून १२ टक्क्यांनी भागले, ५०. पद्धत बरोबर आहे. वर काढलेल्या धंद्यांच्या नफ्यात हा खर्च कुठेच आलेला नाही, त्यामुळे कुठेतरी तो कापावाच लागेल. पण त्या ८ कोटींची फोड मागून घ्या. त्यात हिशोबनीस, कायदेशीर काम, लेखापरीक्षण असेल तर तो खरा खर्च. त्यात कुटुंबातल्या कुणाचा पगार बाजारात त्याच कामाला मिळतो त्याहून २ कोटी जास्त असेल, तर ते दोन कोटी खर्च नव्हेत, एका भागधारकाला वेगळ्या वाटेने मिळालेला लाभांश आहे. तो तुमच्या किमतीतून कापणं योग्य नाही. तेवढ्याने साडेबारा कोटी परत येतात. इथे मात्र मी पूर्ण ५० च कापतो, कारण फोड माझ्यासमोर नाही.

मग कर. १२० हा आकडा रसायनचा सगळा हिस्सा आज विकला तर खरा ठरेल. काका तो विकणार आहेत का? विक्री ठरलेली असते तेव्हा कर पूर्ण धरावाच लागतो. याहूकडे अलिबाबाचा मोठा हिस्सा होता. तो कर न भरता वेगळा काढता यावा म्हणून त्यांनी बरीच धडपड केली, आणि अमेरिकेच्या करखात्याकडून खात्री मिळेना तेव्हा २०१५ च्या डिसेंबरात तो बेत सोडला. उरलेली कंपनी अल्टाबा या नावाने चालली आणि २०१९ मध्ये तिने सगळं विकून गाशा गुंडाळायचं ठरवलं. त्यानंतर कर ही शंका राहिली नाही, देणं झालं. तुमच्याकडे तसं काही ठरलेलं दिसत नाही. घराण्याने नियंत्रणाचा हिस्सा पुढच्या दहा वर्षांत विकण्याची शक्यता तीनात एक धरली, तर १२० ऐवजी ४० कापावेत.

विक्री लांबली म्हणून कर आपोआप हलका होतो, असं मी म्हणत नाही. हिश्शाची किंमत वाढत जाते तसा करही वाढत जातो, त्यामुळे नुसतं उशिरा भरण्याने फार मोठी बचत होत नाही. खरा मुद्दा कधी विकणार हा नसून विकणार का, हा आहे. शिवाय तुमच्या कायद्यात कंपनीने कंपनीचे शेअर विकल्यावर २०% लागतात का, तेही करसल्लागाराला विचारा. नेदरलँड्ससारख्या देशांत ठराविक अटींत बसणाऱ्या ५% किंवा त्याहून मोठ्या हिश्शाच्या विक्रीवरचा नफा करातून वगळलेला असतो.

तिसरं कारण सल्लागाराने लिहिलेलं नाही, तुम्ही लिहिलंत. दहा वर्षांत ६० कोटी नव्या धंद्यांत गेले आणि हाती काहीच राहिलं नाही. म्हणजे वर्षाला ६ कोटी. हीच सवय पुढे चालू राहील असं धरलं, तर पुन्हा १२ टक्क्यांनी भागून ५०. बाहेरचा जाणता खरेदीदार हे कापल्याशिवाय राहणार नाही, म्हणून मीही कापतो. पण एक गोष्ट मनात ठेवा. हा पैसा कुठे घालायचा ते ठरवणारे काकाच होते आणि पुढेही तेच ठरवणार आहेत. स्वतःच्या निर्णयांची किंमत ते तुमच्याकडून कापून घेत असतील, तर तिथे हरकत घ्यायला तुम्हाला पूर्ण जागा आहे. हे ५० काढून टाकले तर तुमच्या वाट्याला साडेसात कोटी जास्त येतात.

तिन्ही मिळून १४० झाले. ९२० मधून गेले की ७८०. म्हणजे होल्डिंग डिस्काउंट सुमारे १५%, आणि तुमचा हिस्सा ११७ कोटी.

आता शेवटचे २० टक्के. ‘अल्पभागधारक’ या एका शब्दात दोन वेगळी दुखणी मिसळलेली असतात: निर्णयात हात नाही, आणि शेअर विकायला बाजार नाही. ती वेगळी करा. निर्णयात हात नसण्याची किंमत आधीच कापून झाली आहे. रसायनच्या शेअरचा भाव म्हणजे ज्याला कंपनीत काही बोलता येत नाही अशा छोट्या गुंतवणूकदाराने दिलेला भाव. होल्डिंगकडे मात्र ५५% आहेत. संचालक कोण असावेत ते होल्डिंग ठरवते. ६६० हा आकडा झुकता असेल तर कमीकडेच झुकता आहे. पॅकेजिंगची सात पट नोंदलेल्या कंपन्यांवरून काढली असेल तर तिथेही तेच. सल्लागाराला विचारा, तुलनेच्या कंपन्या कितीच्या पटीत आहेत आणि तुम्ही सातवर कसे उतरलात? ‘खासगी कंपनी आहे, सहज विकत नाही’ असं उत्तर आलं, तर बाजार नसल्याची कपातही त्या धंद्यापुरती झालेली आहे. आणि फुकट गेलेल्या ६० कोटींपोटी आपण जे ५० कापले, ती तर हात नसल्याचीच किंमत होती.

उरतं ते एवढंच, की खुद्द होल्डिंगचा शेअर बाजारात नाही. त्यापोटी काही कपात मला मान्य आहे. १०% धरले तर तुमचे १०५ होतात, १५% धरले तर साधारण १००. पण शेअरला गिऱ्हाईक नाही म्हणून भाव पाडायचा, आणि पाडणारा स्वतःच समोर बसलेला गिऱ्हाईक, हे मला पटत नाही. म्हणून माझ्या मते १०० ते ११७ हा चर्चेचा पट्टा आहे, आणि मी स्वतः वरच्या टोकाकडे झुकेन.

कपात करता येते की नाही, हे शेवटी कागद ठरवतात. कंपनीची नियमावली आणि भागधारकांमधला करार असेल तर तो, आधी वाचा. हिस्सा बाहेर विकण्याआधी घरच्यांना विचारायची अट आहे का, आणि किंमत कशी काढायची ते लिहिलं आहे का, ते पाहा. ‘निव्वळ मालमत्तेच्या प्रमाणात’ असे शब्द असतील तर अल्पभागधारकाच्या कपातीला आधार राहत नाही. ‘बाजारात इच्छुक खरेदीदार देईल ती किंमत’ असे असतील तर तिला आधार मिळतो. हे वाक्य वकिलाला दाखवल्याशिवाय आकड्यावर सही करू नका.

ते वाचतानाच हिश्श्यांची बेरीजही करून पाहा. काकांकडे ४५, आत्याकडे ४०. दोघांकडेही निम्म्याहून जास्त नाहीत. तुमचे १५ काकांना मिळाले तर ते ६० वर जातात. आत्याला मिळाले तर ती ५५ वर. छोटा हिस्सा म्हणून ज्याची किंमत कापली जाते आहे, त्या हिश्श्यावरच कंपनी कुणाच्या हातात राहणार हे ठरणार आहे. याचा आकडा मी वरच्या हिशोबात घातला नाही, कारण तो धंद्यांच्या मूल्याचा भाग नाही, दोन खरेदीदारांमधल्या गरजेचा आहे. पण तो आहे. करारात अडथळा नसेल तर आत्यालाही लेखी विचारा. काकांपासून लपवून नव्हे, त्यांना सांगून.

बोलणी लांबतील, तेव्हा कुठल्या मुद्द्यावर किती जोर लावायचा हे माहीत असावं. पॅकेजिंगची पट सातची आठ केली तर तुमच्या हातात जेमतेम पाच कोटी वाढतात. रसायनचा भाव १० टक्क्यांनी हलला तर दहा कोटींचा फरक पडतो. म्हणून एका दिवसाचा भाव धरू नका, व्यवहारांच्या प्रमाणात काढलेली सहा महिन्यांची सरासरी धरा आणि ती तारीख करारात लिहून घ्या. डिस्काउंट मात्र सल्लागाराच्या पद्धतीने आणि खालून बांधलेल्या पद्धतीने यांत तुमचा आकडा ४० पासून ११७ पर्यंत नेतो. तुमचा वेळ तिथे खर्च करा.

आणि काका १२० कोटींच्या करावर अडून बसले, तर वाद वाढवू नका. पूर्ण कर कापायचा म्हणजे रसायनचा हिस्सा विकायचा विचार आहे, असाच त्याचा अर्थ होतो. मग करारात एक कलम मागा: येत्या तीन वर्षांत होल्डिंगने रसायनचा हिस्सा विकला, किंवा होल्डिंग बाजारात नोंदवली, तर त्या वेळी मिळालेल्या किमतीने तुमच्या १५ टक्क्यांचा पुन्हा हिशोब होईल आणि वरचा फरक तुम्हाला दिला जाईल. विकायचं नसेल तर या कलमाचा काकांना एक पैशाचाही भार नाही, आणि मग १२० चे ४० करायलाही त्यांची हरकत असू नये.